फळ्याचा फोटो आहे, स्लाइड्स आहेत. पण ठरलं काय आणि का?

तिमाही प्लॅनिंगची बैठक संपते, व्हाइटबोर्ड पुसला जातो, ग्रुपवर तीन-चार फोटो पडतात आणि सोमवारी सकाळी साहेब विचारतात, "मिनिट्स झाले का?" आमच्याकडे हे दर तीन महिन्यांनी होतं. मिनिट्स लिहिणारी व्यक्ती बैठकीत बोलतही असते, मधेच फोनवर बाहेरही जाते, त्यामुळे हातात राहतात ते फळ्याचे फोटो आणि सादरीकरणाची फाइल. त्यातून "काय ठरलं" कसंबसं निघतं. "का ठरलं" मात्र निघत नाही, आणि दीड महिन्यानंतर सगळे भांडतात ते त्यावरूनच.

मागच्या वर्षी जुलैत हे काम मला मुळापासून करावं लागलं. अंधेरी पूर्वेला आमची एक छोटी वितरण कंपनी आहे, गोदाम भिवंडीला. २५ जुलै २०२५, शुक्रवार, दुपारी तीन ते सहा. विषय एकच: जुन्या बिलिंग सॉफ्टवेअरवरून नव्यावर कधी आणि कसं जायचं. मी साडेचार ते सव्वापाच बाहेर एका ट्रान्सपोर्टवाल्याशी फोनवर भांडत होते. नेमकी तेव्हाच मुख्य चर्चा झाली.

लक्षण: मिनिट्स आणि स्लाइड्स एकसारखे दिसतात

तुमचे मिनिट्स वाचून पाहा. त्यातली वाक्यं स्लाइडवरच्या वाक्यांसारखीच वाटत असतील, तर काहीतरी चुकलंय. स्लाइड्स बैठकीच्या आधी तयार होतात. त्यांत असतो तो प्रस्ताव, निर्णय नव्हे. फळ्यावर असतं ते बैठकीत घडलेलं. स्लाइड आणि फळा जिथे एकमेकांशी जुळत नाहीत, तिथेच कुणीतरी काहीतरी बोललेलं असतं आणि कारण तिथेच दडलेलं असतं. खालची सगळी खटपट हा फरक नीट दिसावा म्हणून आहे.

आधी फोटोंचा क्रम लावा

शुक्रवारी रात्री मेट्रोने घाटकोपर आणि तिथून डोंबिवली लोकल, या प्रवासात मी ग्रुपवरचे फोटो चाळले. दोन फोटो तोवर आले होते, तिसरा शनिवारी सकाळी आला. शनिवारच्या फोटोत "१ सप्टें" लाल रेघेने खोडलेलं आणि खाली "८ सप्टें ?" असं होतं. शुक्रवारच्या फोटोत "२२ सप्टें" भोवती गोल होता. ग्रुपवर शेवटी आलेला फोटो तोच शेवटचा, असं धरून मी वहीत "८ सप्टेंबर" लिहून मोकळी झाले होते.

व्हॉट्सॲपवर फोटो नेहमीच्या पद्धतीने पाठवला की तो दाबून लहान होतो आणि कॅमेऱ्याने आत लिहिलेली वेळ निघून जाते. फाइलच्या नावात जी तारीख दिसते, ती फोटो काढल्याची असेल असं धरता येत नाही. म्हणून ज्यांनी फोटो काढले त्यांना एकच विनंती करा: गॅलरीतून नको, अटॅच करताना "डॉक्युमेंट" निवडून मूळ फोटो पाठवा. मग वेळ शाबूत येते. संगणकावर एक्झिफटूल नावाच्या प्रोग्रामने ती अशी पाहता येते:

```
exiftool -DateTimeOriginal *.jpg
```

शनिवारी सकाळी आलेला फोटो काढला होता शुक्रवारी ४:३१ ला. आमच्या आयटीच्या मुलाला कोपऱ्यात काढलेला गोदामाचा नकाशा हवा होता, म्हणून त्याने तो काढला होता. तारखा त्यात चुकून आल्या. गोल केलेल्या २२ चा फोटो ५:४६ चा. म्हणजे ८ तारीख हा वाटेतला मुक्काम होता. चुकून काढलेला हा फोटो पुढे सगळ्यात उपयोगाचा ठरला, कारण अंतिम फळ्यावरून ८ पूर्ण पुसली गेली होती. आता मी बैठकीत दर तासाला फळ्याचा एक फोटो काढते, काही महत्त्वाचं वाटो न वाटो.

अक्षर लागत नसेल तर

५:४६ च्या फोटोत २२ च्या शेजारी संपत आलेल्या लाल मार्करने काहीतरी लिहिलं होतं. मी वाचलं "अडतीस नंतर". अडतीस काय? दिवस? गाड्या?

फिकट रंगाच्या शाईसाठी एक सोपी युक्ती आहे. रंगीत फोटो लाल, हिरवा आणि निळा अशा तीन थरांचा असतो. लाल शाई लाल प्रकाश परत फेकते, म्हणून लाल थरात ती पांढऱ्या फळ्यात मिसळून जाते. निळ्या किंवा हिरव्या थरात तीच शाई काळी उठून दिसते. पिवळ्या मार्करसाठी निळा थर घ्या. इमेजमॅजिक या फोटोंवर काम करणाऱ्या प्रोग्राममध्ये एका ओळीत होतं:

```
magick board.jpg -channel B -separate +channel -normalize board_b.png
```

निळ्या थरात त्या "आठ"च्या डाव्या बाजूला सरळ उभी रेघ दिसली. तो इंग्रजी आठ नव्हताच, इंग्रजी बी होता. "३बी नंतर". वितरणाच्या धंद्यात याचा अर्थ विचारावा लागत नाही: जीएसटीआर-३बी, दर महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरायचं विवरणपत्र.

याला मर्यादा आहे. ट्यूबलाइटचा झोत पडून जिथे फोटो पूर्ण पांढरा झालाय, तिथे कुठल्याही थरात काही उरलेलं नसतं. तिथे दुसऱ्या कोनातून काढलेला फोटो शोधा. तो नसेल तर तिथे "वाचता येत नाही" असं लिहा. फोटोवर स्वतः गिरवून अक्षर पूर्ण करू नका. आमच्याकडे एकाने असं केलं होतं, नंतर तेच "फळ्यावरचं" म्हणून फिरलं.

फोटो सुधारले की फळा जसाच्या तसा टाइप करा: खोडलेलं खोडलेलं म्हणून, बाण बाण म्हणून, रंगासकट. अर्थ लावायची घाई करू नका. मी आधी "८ रद्द, २२ नक्की" असं लिहिलं होतं. पण फळ्यावर "रद्द" हा शब्द कुठेही नव्हता, तो माझा होता.

स्लाइड्सची कोणती प्रत?

इथे मी जवळजवळ फसले होते. सॉफ्टवेअर देणाऱ्यांनी सोमवारी सादरीकरण मेलवर पाठवलं. नववी स्लाइड: जुनं आणि नवं सॉफ्टवेअर १५ दिवस समांतर चालवायचं. फळ्यावरही "१५, फक्त भिवंडी". दोन्ही जुळतात, म्हणजे यावर वाद नाही, असं मी धरलं. मग सहज फाइलच्या आतली माहिती पाहिली:

```
exiftool -ModifyDate -LastModifiedBy deck.pptx
```

शेवटचा बदल २६ जुलैचा, ०५:५० ला, पुढे इंग्रजी झेड. तो झेड असला की वेळ भारताची नसते, त्यात साडेपाच तास मिळवायचे: शनिवार, सकाळी ११:२०. म्हणजे बैठकीनंतर कुणीतरी फाइलला हात लावला होता. बैठकीत दाखवलेली मूळ प्रत मागितली. तीत नवव्या स्लाइडवर ३० दिवस होते. त्यांनी चांगल्या हेतूने स्लाइड "अद्ययावत" केली होती, आणि त्यातच ३० वरून १५ वर कसे आलो ही अख्खी चर्चा पुसली गेली होती.

म्हणून विचारताना "स्लाइड्स पाठवा" असं म्हणू नका. "पडद्यावर दाखवली तीच फाइल पाठवा, दुरुस्त केलेली नको" असं स्पष्ट म्हणा. फाइल गूगल स्लाइड्सवर असेल आणि तुम्हाला संपादनाचा हक्क असेल, तर व्हर्जन हिस्टरीमधून बैठकीच्या वेळची प्रत उघडता येते. आणि स्लाइडखालच्या नोट्स वाचा. बोलणाऱ्याने स्वतःसाठी लिहिलेल्या ओळीत कधी कधी प्रस्तावामागचं कारण असतं. मात्र ते प्रस्तावाचं कारण, निर्णयाचं नव्हे.

फरक वाचताना

मूळ स्लाइड्स आणि अंतिम फळा शेजारी ठेवले तेव्हा माझ्या हाती तीन गोष्टी आल्या. सातवी स्लाइड म्हणत होती, नवं सॉफ्टवेअर १ सप्टेंबरला सुरू, फळ्यावर २२. नववी म्हणत होती, ३० दिवस सगळीकडे समांतर. फळ्यावर १५, तेही फक्त भिवंडीला. आणि अकरावी म्हणत होती, बारा बारकोड स्कॅनर घ्यायचे. फळ्यावर स्कॅनरचं नावच नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यात फसवी. फळ्यावर काही नाही याचे दोन अर्थ होतात: सगळ्यांनी मान हलवली आणि पुढे गेले, किंवा तिथपर्यंत पोचलेच नाहीत. फोटोवरून हे ठरत नाही. दहाव्या स्लाइडपुढचं काहीच फळ्यावर नव्हतं, शेवटचा फोटो ५:४६ चा आणि सहाला खोली दुसऱ्यांना द्यायची होती. त्यावरून मला शंका आली. बैठकीतल्या तिघांना विचारलं, तर तिघांनीही सांगितलं की अकरावी स्लाइड उघडलीच नाही. मी स्लाइडवरून "१२ स्कॅनर मंजूर" असं उतरवलं असतं, तर खरेदी विभागाने ऑर्डर दिली असती. त्याआधीच्या तिमाहीत माझ्या हातून नेमकं असंच झालं होतं, लेबल प्रिंटरच्या बाबतीत. ते खोकं अजून गोदामात न उघडता पडलंय.

कारण विचारायचं कसं

"आपण २२ तारीख का ठरवली?" असं विचारलं की माणूस त्या क्षणी सुचेल ते पटण्यासारखं उत्तर देतो. त्याऐवजी फळ्यावरच्या खुणेवर बोट ठेवून विचारा: "१ तारीख खोडलेली आहे. ती नको असं कोण म्हणालं आणि काय म्हणालं?" निर्णयापेक्षा सोडून दिलेला पर्याय लोकांना जास्त नीट आठवतो, कारण तेव्हा कुणीतरी विरोध केलेला असतो.

दुसरं, ग्रुपवर विचारू नका. पहिलं उत्तर आलं की बाकीचे अंगठा दाखवतात आणि एकाची आठवण सगळ्यांची होते. मी एकेकाला वेगळा फोन केला, सोमवारी आणि मंगळवारी. बुधवारपर्यंत थांबले असते तर तोवर त्यांचं आपापसात बोलणं झालं असतं.

गोदाम सांभाळणारे काका म्हणाले, "१ तारखेला गौरी पूजन. माझी निम्मी पोरं कोकणात. बिलं कोण फाडणार?" स्लाइड करणाऱ्यांनी महिन्याचा पहिला सोमवार बघितला होता, कालनिर्णय बघितलं नव्हतं. अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला, शनिवारी होती. म्हणूनच पुढचा सोमवार, ८ तारीख, फळ्यावर आली.

मग ८ का गेली? काकांना आठवेना; ते म्हणाले, "गणपतीमुळेच सगळं पुढं गेलं." अकाउंट्सच्या मॅडम मात्र ठाम होत्या: "गणपतीचा काही संबंध नाही. ११ तारखेला जीएसटीआर-१, २० ला ३बी. त्याआधीच सॉफ्टवेअर बदललं तर ऑगस्टचे आकडे जुळवायला मी कुणाच्या नावाने रडू?"

दोघांच्या उत्तरांत विरोध दिसत होता, म्हणून एकच खरं मानायचा मोह झाला. पण ४:३१ चा फोटो समोर ठेवला आणि कोडं सुटलं. १ तारीख का नको याचं कारण गणपती. ८ का नको आणि २२ का हवी याचं कारण ३बी. २० तारीख शनिवारी होती, तिच्यानंतरचा पहिला सोमवार २२. कारणं दोन होती, ती दोन वेगळ्या पायऱ्यांची. मधला फोटो नसता तर "सणांमुळे तारीख पुढे ढकलली" असं एक गुळगुळीत वाक्य लिहून मी दुसरी पायरी गमावली असती.

समांतर चालवण्याच्या मुद्द्यावर मात्र मला यश आलं नाही. काका म्हणाले, माणसं कमी म्हणून पंधरा दिवस. आयटीचा मुलगा म्हणाला, जुन्या सर्व्हरचा करार संपतोय म्हणून. फळ्यावर कारणाची खूण नाही. साहेबांना दोन्ही आठवत नव्हतं, पण "दोन्ही बरोबरच वाटतंय" असं ते म्हणाले. हे वाक्य धोक्याचं. बरोबर वाटणं म्हणजे बैठकीत बोललं गेलेलं असणं नव्हे. मी तिथे दोन्ही आठवणी नावानिशी लिहिल्या आणि "बैठकीत नोंद नाही" असं खाली घातलं. अर्धवट दिसतं, दिसू दे.

नोंद लिहिताना

प्रत्येक वाक्य कुठून आलं ते वाक्याशेजारीच लिहा. तारखेची नोंद मी अशी केली:

"नवीन सॉफ्टवेअर सोमवार, २२ सप्टेंबर २०२५ पासून सुरू करायचे ठरले (फळा, फोटो ५:४६). प्रस्ताव १ सप्टेंबरचा होता (मूळ स्लाइड ७). १ सप्टेंबर वगळली: गौरी-गणपतीत गोदामात माणसे कमी (गोदाम प्रमुखांनी २८ जुलैला सांगितले). ८ सप्टेंबरचा विचार झाला (फोटो ४:३१) व वगळली: ११ व २० तारखेची जीएसटी विवरणपत्रे भरून होण्याआधी बदल नको (अकाउंट्स, २८ जुलैला सांगितले, फळ्यावर '३बी नंतर'). गृहीत: २२ च्या आठवड्यात बिलिंगवर वेगळा ताण नाही."

शेवटची ओळ फळ्यावर नव्हती, कुणी त्या शब्दांत बोललंही नव्हतं. मॅडमना मी विचारलं, "म्हणजे २२ चा आठवडा तुमच्या दृष्टीने मोकळा, म्हणूनच ना?" त्या हो म्हणाल्या, तेव्हा ती घातली. कारण लिहिताना ते कशाच्या भरवशावर उभं आहे हेही विचारून घ्यावं.

मथळ्यावर "फोटो व स्लाइड्सवरून पुन्हा तयार केलेले इतिवृत्त" असं स्वच्छ लिहिलं आणि दुरुस्तीला दोन दिवस दिले. एक दुरुस्ती आली, स्पेलिंगची.

एक गोष्ट बाजूची, पण लक्षात ठेवा: हे सगळं अंतर्गत कामाच्या बैठकीपुरतं. संचालक मंडळाच्या सभेचं इतिवृत्त कंपनी कायदा २०१३ च्या कलम ११८ खाली येतं. ३० दिवसांच्या आत ते नोंदवायचं असतं, आणि सचिवीय मानकांप्रमाणे मसुदा १५ दिवसांत संचालकांकडे जाऊन त्यांना अभिप्रायासाठी सात दिवस मिळतात. तिथे फळ्याच्या फोटोवरून जुळवाजुळव करत बसू नका, ते काम कंपनी सेक्रेटरींचं.

मग पुढे

३ सप्टेंबरला रात्री जीएसटी परिषदेच्या ५६ व्या बैठकीचा निर्णय आला. बऱ्याच वस्तूंचे दर बदलणार होते, आणि बदल लागू होण्याची तारीख होती २२ सप्टेंबर. आमच्या मालातल्या कितीतरी वस्तूंना नवे दर लावायचे, जुना साठा नव्या दराने विकायचा, दुकानदारांचे फोन वेगळे, आणि त्याच सोमवारी नवं सॉफ्टवेअर.

दुसऱ्या दिवशी सकाळी सॉफ्टवेअरवाल्यांचा फोन: "तारीख तुमच्या मिनिट्समध्ये आहे, आम्ही माणसं लावली आहेत." साहेबांनी मिनिट्स उघडले आणि नोंदीची शेवटची ओळ त्यांना वाचून दाखवली: २२ च्या आठवड्यात बिलिंगवर वेगळा ताण नाही. पलीकडे दोन सेकंद शांतता, मग "बरोबर आहे, आता ते लागू नाही."

ऑक्टोबर दिवाळीत जाणार हे उघड होतं. मॅडमनी कॅलेंडर काढलं, २० नोव्हेंबरच्या ३बी नंतरचा पहिला सोमवार पाहिला आणि फळ्यावर "२४ नोव्हें" लिहिलं. मी तो पुसायच्या आत फोटो काढला, आणि शेजारी "३बी" लिहिताना बी नीट काढायला लावला.